पेटीवाले बुवा आणि दुपारचं रेकॉर्डिंग

गोष्ट कल्पनेतली आहे, पण गावोगाव भजनं ध्वनिमुद्रित करत फिरणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. विद्यापीठातली एक संशोधक ज्येष्ठातल्या दुपारी घाटावरच्या एका गावात पोचते. पेटीवाल्या बुवांच्या ओसरीवर रेकॉर्डर मांडते आणि म्हणते, "बुवा, काकड्याची भजनं म्हणा ना."

बुवा पेटीवरचं फडकं काढतात, भाता सोडतात आणि थांबतात. "ताई, काकडा पहाटेचा. कोजागिरीपासून कार्तिकी पुनवेपर्यंत. आत्ता कसा म्हणू?" पण पाहुणी लांबून आलेली. शेवटी ते काळी दोनमध्ये एक अभंग म्हणतात. चार मिनिटांत संपतो.

आवाज स्वच्छ आला, तरी हे भजन नव्हे. देवळात बुवा एक चरण म्हणतात, टाळकरी तोच उचलून धरतात आणि तेवढ्यात बुवांना दम घेता येतो. त्या सवडीतच पेटी खुलते. पखवाजाची लय चढते तशी त्यांची बोटं पुढच्या चरणाची वाट करून देतात. ओसरीवर झेलणारं कुणी नव्हतं, म्हणून चरण एकेकदाच आला. पट्टीही उतरली, कारण मंडळी सोबत असली की बुवा काळी चारमध्ये गातात. म्हणजे पाच अर्धस्वर वर! चाल तीच, पण गळ्यावरचा ताण वेगळा, पेटीवरची बोटंही वेगळी.

एक चूक मायक्रोफोनचीही होती. तो पेटीच्या मागे, भात्याजवळ ठेवला होता. तिथे भात्याची खटखट आणि हवेची फुसफुस शब्दांवर बसते. तो गाणाऱ्याच्या तोंडासमोर, थोडा उंच आणि पेटीपासून हातभर लांब हवा. टाळ फार मोठे वाजतात, म्हणून टाळकऱ्यांना मागे बसवून आवाजाची पातळी आधीच कमी ठेवावी. फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवलं होतं. देवळातली पेटी त्या काळातही वाजतच होती. त्यामुळे जुन्या पेटीवाल्यांचा हात ऐकायचा तर रेडिओच्या जुन्या संग्रहावर भिस्त ठेवून भागत नाही.

आपली संशोधक कार्तिकात पुन्हा येते. पहाटे देवळात खांबाआड बसते आणि सुरुवातीच्या गजरापासून आरतीपर्यंत मध्ये कुठेही रेकॉर्डर बंद करत नाही. वहीत तिथी, पट्टी, चाल कुणाकडून आली आणि प्रत्येक टाळकऱ्याचं नाव लिहिते. ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे मंडळींना सांगून त्यांची संमती घेते. बुवा एवढंच म्हणतात, "आमच्या पोरांनाही एक प्रत द्या."

तुमच्या गावात काकडा होत असेल तर यंदा तो असाच अखंड मुद्रित करा, आणि पहिली प्रत मंडळींच्या हाती द्या.