भेग कळवा, निदान त्यांच्यावर सोपवा

नव्या घराच्या भिंतीवर केसाएवढी भेग दिसली की बहुतेक जण आधी ओळखीच्या इंजिनिअरला फोटो पाठवतात: "ही स्ट्रक्चरल आहे का?" उत्तर मिळेपर्यंत महिने जातात आणि बिल्डरला काहीच कळवलेलं नसतं. खरं तर तक्रार करण्यासाठी या प्रश्नाचं उत्तर हातात असावंच लागत नाही. रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये बांधकामाच्या सांगाड्यातला दोष आणि कारागिरीतला किंवा दर्जातला दोष, दोन्ही येतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष लक्षात आणून दिला, तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. भेग प्लास्टरचीच निघाली, तरी ती कारागिरीतला दोष असू शकतो.

म्हणून आपलं काम जे दिसतं ते नेमकं लिहिण्याचं. समजा, पुण्यातला एक फ्लॅट आहे. ताबा १४ ऑगस्ट २०२१ चा, म्हणजे मुदत ऑगस्ट २०२६ च्या मध्याला संपते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बीमवर, कॉलमच्या कडेपासून वर मध्याकडे तिरकी जाणारी भेग मार्चमध्ये दिसली. त्याच घरात बीमच्या खालच्या कडेला, ब्लॉकची भिंत जिथे भिडते तिथे, एक सरळ आडवी रेघही आहे. ही आडवी रेघ बहुधा ब्लॉक आणि काँक्रीट वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्यामुळे आलेली असते. कॉलमजवळची तिरकी भेग मात्र बीमवर कातरबल जास्त आल्याचं लक्षण असू शकतं. बीमच्या तळाशी मध्यावर उभ्या भेगा असतील किंवा भेग सळीच्या रेषेत धावत असेल आणि गंजाचे डाग दिसत असतील, तरी वेळ दवडू नये.

घरमालकाने हे घरी ठरवत बसू नये, पण दोन्ही भेगांची नोंद वेगवेगळी करावी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. फोटोत मोजपट्टी आणि खोलीचा कोपरा दिसावा, म्हणजे भेग कुठली, यावर वाद होत नाही. रुंदी मोजायला भेग मोजण्याचं पारदर्शक कार्ड मिळतं. आयएस ४५६ या मानकात साधारण परिस्थितीत काँक्रीटवरच्या भेगेची मर्यादा ०.३ मिलिमीटर धरली आहे. पण प्लास्टरवर मोजलेली रुंदी म्हणजे काँक्रीटमधली रुंदी नव्हे, आणि बारीक भेगही वाढत असेल तर तिचा अर्थ बदलतो. वाढ पाहायला काही महिने लागतात. त्यासाठी पत्र थांबवू नये. पत्र आधी, निरीक्षण नंतर.

साइटवरच्या सुपरवायझरला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज पुरेसा समजू नये. करारनाम्यात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवून पोहोच ठेवावी आणि तेच पत्र ईमेलनेही पाठवावं. मजकूर असा पुरतो:

"फ्लॅट क्रमांक अमुक, ताबा दि. १४ ऑगस्ट २०२१. दि. ९ मार्च २०२६ रोजी हॉल-स्वयंपाकघरामधील बीमवर कॉलमपासून तिरकी, सुमारे ६० सेंटिमीटर लांब भेग आढळली. फोटो सोबत जोडले आहेत. घरात भिंत किंवा बीम फोडण्याचे कोणतेही काम केलेले नाही. रेरा कलम १४(३) नुसार हा दोष आपल्या निदर्शनास आणत आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आमच्या उपस्थितीत पाहणी करून कारण आणि दुरुस्तीची पद्धत लेखी कळवावी. पाहणीपूर्वी भेग बुजवू नये."

भिंत फोडली नसल्याचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. इंटिरिअर करताना तुम्हीच काहीतरी फोडलंत, हा उलट दावा हमखास होतो. खरंच काही फोडलं असेल, तर हे वाक्य अर्थातच लिहू नये. काय केलं ते सांगावं.

शेवटचं वाक्य तर सर्वांत महत्त्वाचं. बिल्डरकडून बहुतेकदा आधी येतो तो रंगारी. तो भेग पुट्टीने भरतो, वर रंगाचा हात मारतो आणि पुरावा जातो. पाहणीत पहिली गोष्ट व्हायला हवी ती म्हणजे भेगेवरचं हातभर प्लास्टर काढून आत पाहणं. भेग प्लास्टरमध्येच संपत असेल, तर जाळी लावून पुन्हा प्लास्टर करणं बहुधा भागतं. ती काँक्रीटमध्ये उतरली असेल, तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीची मागणी करावी. इपॉक्सीचं इंजेक्शन भेग सांधतं. पण बीम मुळातच कमी क्षमतेचा असेल किंवा पाया खचत असेल, तर त्याने कारण जात नाही. म्हणून कारण लेखी मागायचं.

तीच भेग जिन्यात किंवा पार्किंगच्या कॉलमवर असेल, तर पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जावं. ३० दिवस उलटूनही दुरुस्ती झाली नाही, तर ते पत्र, पोहोच आणि फोटो जोडून महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि कलम १४(३) खाली नुकसानभरपाईही मागता येते.