सभेविना ठराव : केव्हा ग्राह्य, केव्हा अग्राह्य

स्मार्ट सिटी अभियानासाठी सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड झाली आणि तेथील कामांसाठी 'ठाणे स्मार्ट सिटी लिमिटेड' व 'स्मार्ट कल्याण डोंबिवली डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड' या कंपन्या स्थापन झाल्या. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. या कंपन्यांच्या रचनेमुळे महानगरपालिकेच्या व शासनाच्या अधिकाऱ्यांवर संचालक या नात्याने कंपनी कायद्याप्रमाणे ठराव करण्याची जबाबदारी आली. एरवी सभागृहात बसून निर्णय घेणाऱ्यांना येथे एक निराळी पद्धत आढळते. ती म्हणजे सभा न भरविता, मसुदा फिरवून ठराव मंजूर करणे. कचेरीच्या बोलीत यालाच 'सर्क्युलर ठराव' म्हणतात.

पद्धत कशी चालते?

या पद्धतीला कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७५ चा आधार आहे. ठरावाचा मसुदा आवश्यक कागदपत्रांसह प्रत्येक संचालकाकडे हस्ते, टपालाने अथवा ई-मेलने पोचला पाहिजे. एकालाही वगळता येत नाही. उत्तरासाठी साधारणतः सात दिवसांपर्यंत मुदत देतात आणि अंतिम दिनांक टिपणीतच नमूद करतात. त्या दिनांकापर्यंत जो उत्तर देत नाही तो तटस्थ समजला जातो. त्याचे मौन संमती ठरत नाही.

उदाहरणादाखल नऊ संचालकांचे मंडळ घेऊ. एका ठेकेदारास काम पुरे करण्यासाठी मुदतवाढ द्यावयाची आहे. ५ तारखेस मसुदा पाठविला. अंतिम दिनांक १२. आठ तारखेपर्यंत पाच जणांनी संमती कळविली, एकाने विषय सभेपुढे आणावा असे लिहिले, तिघांचे उत्तर नाही. पाच हे नऊंचे बहुमत असले तरी त्या दिवशी ठराव मंजूर झाला असे म्हणता येत नाही. कारण एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश, म्हणजे येथे तिघांनी, सभेची मागणी केली तर विषय सभेपुढे नेणे अध्यक्षांवर बंधनकारक आहे. आणि उत्तर न आलेल्या तिघांपैकी दोघे तशी मागणी अद्याप करू शकतात. १० तारखेस आणखी दोघांची संमती आली. आता सभा मागणारा एक व मौन असलेला एक, असे दोघेच उरले. म्हणून ठराव १० तारखेस मंजूर झाला. याउलट, त्या दोघांनी सभेची मागणी केली असती तर पाच संमती हाती असूनही फिरवलेला ठराव तेथेच थांबला असता.

ही वाट सभेपेक्षा सोपी आहे, असा समज मात्र चुकीचा होय. नऊ जणांच्या मंडळाच्या सभेस तिघांची गणपूर्ती पुरते आणि तेथे दोघांच्या मतानेही ठराव होऊ शकतो. फिरवलेल्या ठरावास मात्र पाच जणांची संमती लागते. मंजूर ठरावाची नोंद पुढील सभेत घेऊन तो इतिवृत्तात समाविष्ट करावा लागतो.

कोणते विषय फिरवता येत नाहीत?

ज्या निर्णयाने कंपनीवर मोठा आर्थिक भार पडतो अथवा तिचा कारभार कोणाच्या हाती राहील हे ठरते, तेथे संचालकांनी परस्परांना प्रश्न विचारून निर्णय घ्यावा, अशी कायद्याची अपेक्षा दिसते. म्हणून कलम १७९ व त्याखालील नियमांनी काही विषय सभेसाठीच राखून ठेवले आहेत. भाग वा रोखे काढणे, कर्ज उभारणे, निधी गुंतविणे, कर्ज वा हमी देणे, वार्षिक हिशेब मंजूर करणे हे त्यांपैकी प्रमुख होत. कर्ज व गुंतवणुकीचे अधिकार समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे सोपविता येतात. परंतु तो सोपविण्याचा ठरावही सभेतच व्हावा लागतो.

चूक बहुधा नेमणुकीत होते. मुख्य वित्त अधिकाऱ्याचे काम पाहणारा अधिकारी बदलून जातो, नवा रुजू होतो आणि बँकेतील सह्या अडू नयेत म्हणून त्याच्या नेमणुकीचा ठराव घाईने फिरविला जातो. ही नेमणूक सभेसाठी राखीव विषयांत मोडते. नऊही संचालकांनी संमती दिली तरी हा दोष दूर होत नाही. अशा वेळी अल्प मुदतीची सूचना देऊन अथवा दूरदृश्य प्रणालीद्वारे सभा भरविणे हाच मार्ग होय.

ग्रामपंचायतीचे काय?

कलम १७५ ची सवलत कंपनीच्या संचालक मंडळास व त्याच्या समित्यांस आहे; ग्रामपंचायतीस ती लागू नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ व सभांविषयीचे नियम यांत सूचना, गणपूर्ती व उपस्थितांचे मतदान यांतूनच ठराव होतो. इतिवृत्ताची वही सदस्यांच्या घरोघरी फिरवून सह्या घेतल्या, तर त्या सह्या सभेतील उपस्थिती ठरत नाहीत. वहीत सभेची वेळ व स्थळ लिहिलेले आहे, परंतु सूचना बजावल्याची पोच नाही, असे आढळले की तपासणी अधिकाऱ्यास शंका घेण्यास जागा मिळते. आणि त्या ठरावाच्या आधारे झालेला खर्चही अडचणीत येतो.