शुक्रवारचं दुकान: फर्जपासून हरामपर्यंत

धरमपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. शरियतीत प्रत्येक कृतीला दर्जा असतो. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी हे दर्जे कसे समोर येतात ते सांगतो. नागपुरात बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, म्हणून मांडणी त्या पंथाची.

सकाळी ६:००
फजरची नमाज. आधी दोन रकात सुन्नत, मग दोन रकात फर्ज. फर्ज म्हणजे निःसंशय पुराव्याने ठरलेलं कर्तव्य. विनाकारण सोडलं तर मोठं पाप. सुन्नत हा पैगंबरांचा परिपाठ. तो सोडण्याची सवय लावून घेणं दोषाचं. जुम्यासाठी आंघोळ करणंही सुन्नत.

११:००
दुकान उघडलं. कापड विकणं मुबाह आहे, म्हणजे मुभा आहे. त्यात मुळात पुण्य नाही, पापही नाही. गिऱ्हाईक विचारतं, "शुद्ध सुती आहे ना?" मी एक धागा जाळून दाखवतो. सुताची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र धाग्याचं कापड शुद्ध म्हणून विकलं, तर तो व्यवहार फसवणुकीचा आणि फसवणूक करणं हराम.

१२:४५
जुम्याची पहिली अजान झाली. मी शटर ओढायला लागतो.

"भाऊ, दोनच मीटर हवं होतं."

"ताई, दोन वाजता या, बाजूला काढून ठेवतो."

सकाळी मुबाह असलेली तीच विक्री आता मकरूह-ए-तहरीमी, म्हणजे हरामच्या जवळची. कुरआनच्या ६२व्या सूऱ्यात या हाकेनंतर व्यापार सोडायला सांगितलं आहे. कापड तेच, भावही तोच. पण ज्याच्यावर जुमा फर्ज आहे, त्याला विक्री त्यापासून अडवते. अशा वेळी झालेला सौदा रद्द होत नाही, पण करणाऱ्याला पाप लागतं. आजारी माणसावर, प्रवाशावर आणि स्त्रियांवर जुमा फर्ज नाही.

२:००
नमाज संपली की त्याच सूऱ्यातली पुढची आयत कामधंद्याला लागायची मुभा देते. ताई येऊन कापड घेऊन जातात. दुसरं गिऱ्हाईक गेल्या आठवड्यात घेतलेलं परत आणतं. रंग पसंत पडला नाही. मालात खोट नाही, त्यामुळे परत घेणं माझ्यावर बंधनकारक नाही. तरी घेतलं तर ते मुस्तहब. केलं तर सवाब, नाही केलं तर पाप नाही.

४:३०
असरची नमाज. सूर्य पिवळा पडेपर्यंत ती लांबवणं मकरूह, म्हणून गर्दीतही उठतो.

रात्री ९:३०
दुकान बंद करून इशा, आणि शेवटी वित्रच्या तीन रकात. वित्र आमच्याकडे वाजिब. वाजिब करावंच लागतं. पण त्याचा पुरावा फर्जइतका निर्विवाद नसतो. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे. ते वित्रला सुन्नत मानतात. दोन्ही पंथ एकमेकांना मान्य आहेत.

तेव्हा एखादी गोष्ट हराम आहे असं कुणी म्हणालं, तर तीन प्रश्न जरूर विचारा: कोणत्या वेळी, कुणासाठी आणि कोणत्या पंथात?