पगाराला भागायचं कशाने?

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बायकांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण तोंडपाठ असतं, पण महिन्याच्या एक तारखेला हाताखालच्या तिघांचा पगार काढायचा म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. वही असते, हजेरीच्या खुणाही असतात. अडतं ते पुढे. मावशींनी दीड दिवस खाडा केला, तर कापायचे किती? फराळाच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत थांबल्या, त्याचे द्यायचे किती? दिवाळीला घेतलेली उचल यातून वळती करायची की पुढच्या महिन्यात? या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे एका दिवसाचा पगार किती.

एक प्रातिनिधिक उदाहरण धरू. महिना ऑक्टोबर २०२५, दिवस ३१. केंद्रावर तिघं आहेत. पोळ्या करणाऱ्या मावशी महिना १५,६०० रुपयांवर, भाजी चिरायला येणारी ताई ५६० रुपये रोजावर, आणि डबे पोचवणारा मुलगा १५,५०० रुपये पगारावर, पण तो आला १६ तारखेला. कामाची वेळ आठ तास, रविवारी सुट्टी. दसरा २ तारखेला, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज २१, २२ आणि २३ला. हे चारही दिवस पगारदारांना भरपगारी सुट्टीचे.

मावशींच्या १५,६०० ला ३० ने भागलं तर दिवसाचे ५२० येतात, २६ ने भागलं तर ६००. तीसचा हिशेब म्हणतो, रविवारचाही पगार चालू असतो. सव्वीसचा म्हणतो, पगार कामाच्या दिवसांचा, रविवार त्यातच आला. किमान वेतनाच्या दरांत महिन्यावरून रोज काढताना २६ चाच भाजक वापरतात, ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही तोच आहे, म्हणून मी २६ च्या बाजूची. पण खरी गोम वेगळीच. काही मालक खाडा कापताना २६ ने भागतात, म्हणजे ६०० कापतात, आणि ओटी देताना मात्र ३० ने भागून ५२० चा दर धरतात. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे पाहिले तर बरोबर दिसतात, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा भाजक ठरला की कापताना आणि देताना तोच हवा.

भाजक ठरला तरी दुसरी एक फसगत उरते. रोज ६०० म्हटल्यावर बरेच जण हजेरीचे दिवस मोजून गुणाकार करतात. या ऑक्टोबरमध्ये रविवार चारच, म्हणजे सणाच्या सुट्ट्या धरून पगाराचे दिवस २७. सत्तावीस गुणिले सहाशे म्हणजे १६,२००. एकही खाडा न करणाऱ्या मावशींना ठरल्यापेक्षा सहाशे जास्त. हाच गुणाकार २८ दिवसांच्या फेब्रुवारीत केला तर दिवस २४ आणि पगार १४,४००. एकही दिवस न चुकवता बाराशे रुपये कमी. म्हणून पगारदार माणसाचा हिशेब वरून खाली करायचा. पूर्ण पगार आधी मांडायचा, त्यातून खाडे वजा करायचे. गुणाकार फक्त रोजंदारीच्या माणसासाठी. पोळ्यावाल्या मावशी आणि भाजीवाली ताई एकाच ओट्याशी उभ्या राहत असल्या तरी दोघींची आकडेमोड उलट दिशांनी चालते.

वजाबाकीच्या या रीतीलाही मर्यादा आहे, आणि ती डबेवाल्या मुलाच्या बाबतीत दिसते. त्याचे १५,५०० भागिले २६ म्हणजे रोज सुमारे ५९६. तो येण्याआधीचे, रविवार सोडून, तेरा दिवस वजा केले तर त्याला ७,७५० मिळतात. आल्यानंतरचे कामाचे अकरा आणि सणाच्या सुट्टीचे तीन असे चौदा दिवस मोजले तर ८,३४६. माणूस तोच आणि दिवसही तेच, तरी फरक सहाशेच्या आसपास. महिन्याच्या मध्येच आलेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसासाठी २६ बाजूला ठेवावा आणि महिन्याच्या एकूण दिवसांनी भागावं. १५,५०० भागिले ३१ म्हणजे ५००, आणि १६ ते ३१ तारखेपर्यंत रविवारांसकट १६ दिवस, म्हणजे ८,००० रुपये. महिनाभराची लांब रजा पडली तरी हीच रीत. नाहीतर फेब्रुवारीत एकदाही न आलेल्या माणसाला तुम्ही बाराशे रुपये देणं लागता.

आता कागदाकडे. आडव्या पानावर ३१ रकाने आणि प्रत्येक माणसाला दोन ओळी. वरच्या ओळीत हजेरीची खूण, खालच्या ओळीत जादा तास. खुणा कमी ठेवाव्यात. हजरला ह, अर्ध्या दिवसाला अ, खाड्याला खा, सुट्टीला सु, आणि रविवारी काम करून दुसऱ्या दिवशी घेतलेल्या सुट्टीला ब, म्हणजे बदली. रकाना कोरा मात्र कधीच सोडू नये. कोऱ्या रकान्याचा अर्थ महिनाअखेर मालकीण ‘खाडा’ असा लावते आणि मावशी ‘तुम्ही लिहायला विसरलात’ असा, आणि खरं सांगायचं तर दोघींपैकी कुणीही बरोबर असू शकतं. खूण त्याच दिवशी, काम संपताना, सगळ्यांसमोर करायची. आठवड्याचं एकदम भरलेलं पान ओळखू येतं: शाई एकसारखी, अक्षर एकसारखं आणि अर्धा दिवस एकही नाही.

जादा तासांच्या ओळीत एक खास चूक होते. दीड तास लोक १.३० असा लिहितात. असे दोन दिवस कॅल्क्युलेटरवर मिळवले की २.६० येतात, आणि वीस दिवसांत कुणाचे तरी चार तास गायब होतात. दीड तास म्हणजे १.५, पाऊण तास म्हणजे ०.७५. पाव तासाच्या हिशेबाने लिहिलं तर बेरजेत दशांशापुढे २५, ५ किंवा ७५ च यायला हवेत. १० किंवा ६० दिसले तर कुणीतरी मिनिटं लिहिली आहेत.

ज्यांना संगणकावर किंवा मोबाइलवर पत्रक ठेवायचं आहे, त्यांना खाडे मोजायला एकच सूत्र पुरतं. तारखा B पासून AF पर्यंत आणि मावशी तिसऱ्या ओळीत असतील तर:

```
=COUNTIF(B3:AF3,"खा")+COUNTIF(B3:AF3,"अ")*0.5
```

आता मावशींचं पान भरू. २८ तारखेला पूर्ण खाडा, ३० ला अर्धा. दीड दिवसाचे ९०० वजा. रविवारी, १२ तारखेला त्या आल्या होत्या, पण त्याबदली भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी सुट्टी घेतली, म्हणून तिथे पैशांचा प्रश्न नाही. फराळाच्या दिवसांतली ओटी साडेबावीस तास. रोज ६०० भागिले आठ म्हणजे तासाला ७५. ओटी दुप्पट दराने, म्हणजे १५०. एकूण ३,३७५.

दुप्पट का, असं बऱ्याच लहान मालकांना वाटतं. ‘चहा-नाश्ता देतो, वर दीडपट देतो, चालतं की.’ पण १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या नियमांत ओटीचा दर दुप्पटच होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तो दुप्पटच आहे. माणसं दोन आहेत की दोनशे, यावर ते अवलंबून नाही. आपला महिन्याचा आकडा किमान वेतनाच्या खाली नाही ना, हेही अधूनमधून पाहावं. महागाईनुसार त्यातला विशेष भत्ता बदलत असतो.

मावशींची कमाई झाली १५,६०० वजा ९०० अधिक ३,३७५, म्हणजे १८,०७५. इथे एक रेघ ओढायची. उचल या रेघेच्या खाली येते, वर कधीच नाही. कारण उचल हा पगाराचा भाग नव्हे, आधीच दिलेले पैसे आहेत. हजेरीच्या रकान्यातच कोपऱ्यात ‘५०० दिले’ लिहिण्याची सवय हिशेबाचा घोळ करते. ते पाचशे उचलीचे, ओटीचे, की भाजी आणायला दिलेले, हे पंधरा दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

उचलीला पानाच्या मागे स्वतंत्र जागा हवी. तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. खाली चार आकडे: मागची बाकी, या महिन्यात दिली, या महिन्यात कापली, उरली. मावशींची मागची बाकी ४,००० होती. १४ तारखेला त्यांनी दिवाळीसाठी ५,००० घेतले. एकूण ९,०००. ठरलेला हप्ता २,००० चा, तो कापला, उरले ७,०००. हातात मिळाले १६,०७५.

हप्ता आधीच ठरलेला असणं इथे फार महत्त्वाचं. तो ठरलेला नसेल तर मालकाच्या मनःस्थितीप्रमाणे कापणी होते. धंदा मंद असला की सगळे नऊ हजार एकदम, आणि मावशींच्या हातात नऊ हजारच. मग त्या दहा तारखेला पुन्हा उचल मागतात, आणि बाकी कागदावर फिटत राहते, प्रत्यक्षात तेवढीच राहते. कायद्यानेही एका महिन्यातली एकूण कापणी पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. चांगला हप्ता तो, जो कापल्यावर माणसाला पुढची उचल मागावी लागत नाही. पगाराचा आठवा-दहावा भाग सहसा पेलतो.

भाजीवाल्या ताईंचं गणित सरळ. कामाच्या तेवीस दिवसांत वीस पूर्ण हजेऱ्या आणि तीन अर्धे, म्हणजे साडेएकवीस गुणिले ५६०, बरोबर १२,०४०. ओटी बारा तास, तासाचा दर ७०, दुप्पट १४०, म्हणून १,६८०. कमाई १३,७२०. आठ तारखेला ३,००० उचल घेतली होती, त्यातले १,५०० कापले, हातात १२,२२०. सणाच्या सुट्ट्यांचा रोज त्यांना मिळाला नाही. हे कामाला घेतानाच बोलून ठेवलेलं असावं. भाऊबीजेनंतर सांगितलं तर ते फसवल्यासारखंच वाटतं. शनिवार-सोमवार खाडा झाला तर मधला रविवार पगारदारांचा कापायचा की नाही, हेही त्याच बोलण्यात ठरवावं.

पैसे देताना प्रत्येकाला पान वाचून दाखवायचं. मावशी म्हणतील, “ताई, सतरा तारखेला मी साडेनऊला गेले, तुम्ही दोनच तास लिवलेत.” तसं असेल तर ते तिथेच खोडून, नवा आकडा घालून, बाजूला दोघींनी सही करायची. ही दुरुस्ती सही होण्याआधीच व्हायला हवी, नंतर नाही.

पान मिटण्याआधी एक बेरीज. मागची उचल ४,०००, या महिन्यात दिलेली ५,००० आणि ३,०००, एकूण १२,०००. कापलेली २,००० आणि १,५००, एकूण ३,५००. उरायला हवेत ८,५००. मावशींचे ७,००० आणि ताईंचे १,५०० मिळवले तर तेवढेच येतात. हे आकडे नोव्हेंबरच्या पानावर ‘मागची बाकी’ या रकान्यात उतरवले की ऑक्टोबर बंद.