फोनच्या पाठीवरची चकती

दुकानातल्या कार्ड मशीनवर फोन टेकवला आणि काहीच घडले नाही, की बहुतेकांचे बोट आधी सेटिंग्जकडे वळते. एनएफसी बंद करून पुन्हा चालू करायचे, पेमेंटचे अ‍ॅप काढून परत टाकायचे, तरी जमले नाही तर फोन रीसेट करायचा. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी फोनची पाठ पाहावी. गाडीतल्या चुंबकी होल्डरवर फोन चिकटावा म्हणून कव्हरच्या आत सरकवलेली पोलादी चकती तिथे असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. अशी चकती फोन खराब करत नाही, कुठलाही इशारा दाखवत नाही आणि बाकीची बहुतेक कामे बिनबोभाट होऊ देते. फक्त टॅप तेवढा होत नाही, म्हणून दोष तिच्याकडे जातच नाही.

टॅप करताना नेमके काय होते, ते पाहिले की हा संशय का घ्यायचा ते पटते. फोनच्या पाठीमागच्या भागात तांब्याच्या पातळ पट्टीचे काही वेढे असतात, मशीनमध्येही तसेच वेढे असतात. मशीनच्या वेढ्यांतून १३.५६ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ३६ लाख आवर्तनांचा प्रवाह वाहतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र फोनच्या वेढ्यांमधून आरपार जावे लागते, तरच दोघांचे बोलणे सुरू होते. वाटेत धातूची अखंड चकती आली, की त्या क्षेत्रामुळे चकतीतच गोल फिरणारे प्रवाह उठतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. शिवाय जवळ धातू आल्यामुळे फोनच्या वेढ्यांचे ट्यूनिंगही ढळते. ‘पण चकती किती पातळ आहे!’ असे म्हणून तिला सोडून देता येत नाही. इतक्या वेगाने बदलणारे क्षेत्र तांब्यात अवघे ०.०१८ मिलिमीटर शिरेपर्यंत बरेचसे क्षीण होते, चुंबकी पोलादात त्याहूनही कमी अंतरात. अर्धा मिलिमीटर जाडीची चकती त्याच्यासाठी भिंतच आहे. उलट रबर किंवा प्लास्टिकचे जाड कव्हर क्षेत्र अडवत नाही. ते फक्त अंतर वाढवते, आणि सगळा पल्लाच चार-पाच सेंटिमीटरचा असल्यामुळे खूप जाड कव्हर कधी नडते. मात्र कव्हरच्या खिशात बँकेचे दुसरे टॅप कार्ड ठेवलेले असेल, तर मशीनला एकाच वेळी दोन कार्डे दिसतात आणि ते कुठलेच घेत नाही.

कोणी विचारेल, फोनच्या आत तर बॅटरी आहे, धातूची चौकट आहे, मग ती का आडवी येत नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की वेढे आणि बॅटरी यांच्यामध्ये फेराइटचा पातळ पापुद्रा बसवलेला असतो. तो क्षेत्राला धातूत शिरू न देता कडेने वळवून परत आणतो. हे वाचून बाजारात मिळणारा फेराइटचा कागद चकतीखाली लावावा असे वाटेल, पण त्याचा उपयोग नाही. फेराइट वेढ्यांच्या मागे असेल तर मदत करतो. वेढे आणि मशीन यांच्यामध्ये घातला तर तोही क्षेत्र वाटेतूनच वळवतो. अखंड पोलादी कड्याने चकतीची जागा घेतली तरी फार फरक पडत नाही, कारण मिटलेल्या कड्यात प्रवाहाला फिरायला वाट तयारच असते. चकती वेढ्यांवरून बाजूला सरकवणे हाच खरा उपाय. वेढे कुठे आहेत ते फोनगणिक बदलते. कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते पाठीच्या मधोमध किंवा कॅमेऱ्याजवळ असतात, आयफोनमध्ये वरच्या कडेशी. पाठीच्या मध्यावर चिकटवलेली चकती त्यामुळे एका फोनला नडते आणि दुसऱ्याला नाही.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा: चकती वर्षभर तिथेच आहे, मग आजच का? आपल्याकडे फोनने पैसे देणे म्हणजे बहुधा क्यूआर स्कॅन करणे, आणि त्यात कॅमेरा व इंटरनेट लागते, एनएफसी नाही. म्हणून ज्या दिवशी टॅप हुकला तो बिघाडाचा दिवस असेलच असे नाही. कदाचित चकती लावल्यानंतरचा तो पहिलाच टॅप असतो. आधी खरोखर टॅप होत होता असे असेल, तर चकती काही मिलिमीटर सरकली का ते पाहावे. वेढ्यांच्या काठावर असताना निभावणारी चकती मध्यावर आली की निभावत नाही. मशीनही निराळे असू शकते, कारण कुठल्या मशीनमध्ये वेढे पडद्याखाली असतात तर कुठे वरच्या बाजूला. एकात एक चार कमानींची खूण जिथे आहे तिथेच फोन टेकवायचा. ‘कॉल आणि वाय-फाय तर चालतात’ हा बचाव मात्र टिकत नाही, त्यांचे अँटेना वेगळे आणि वेगळ्या जागी असतात. उलट वायरलेस चार्जिंगवाला फोन हल्ली पॅडवर चार्ज होत नसेल किंवा तापत असेल, तर तो चकतीविरुद्धचा आणखी एक पुरावा समजावा.

अंदाजावर थांबायचे कारण नाही, घरच्या घरी पडताळा घेता येतो. अँड्रॉइड फोन असेल तर एनएफसी चालू आहे एवढे पाहून फोन अनलॉक करावा आणि टॅपची खूण असलेले बँकेचे किंवा मेट्रोचे कार्ड त्याच्या पाठीवर वरून खाली हळूहळू फिरवावे, प्रत्येक जागी क्षणभर थांबत. वेढ्यांवर कार्ड आले की फोन आवाज करतो, थरथरतो किंवा या टॅगसाठी अ‍ॅप नाही असे सांगतो. आधी कव्हर आणि चकतीसकट पाहावे, मग दोन्ही काढून. नुसत्या फोनवर प्रतिसाद आला आणि चकतीसकट आला नाही, तर निकाल लागला. सेटिंग्जला हात लावायची गरज नाही. दोन्ही वेळा प्रतिसाद आला पण पैसे जात नाहीत, तर वेढे आणि वाट ठीक आहेत आणि अडचण पेमेंटच्या बाजूला आहे. तेव्हा सेटिंग्जमध्ये `Contactless payments` उघडून, ज्या अ‍ॅपमध्ये कार्ड नोंदवले आहे तेच तिथे निवडलेले आहे का, आणि त्या अ‍ॅपमध्ये कार्ड अजून सक्रिय आहे का, ते पाहावे. `Require device unlock for NFC` चालू असेल, तर कुलूपबंद फोन टेकवून काही होणार नाही.

पैसे जातात पण टॅग वाचला जात नाही, असा उलटा प्रकारही असतो. त्याची कारणे दोन. काही सॅमसंग फोनमध्ये एनएफसीचा `Basic mode` निवडलेला असला तर पेमेंट चालते आणि वाचन बंद राहते. दुसरे कारण चकतीचेच अर्धवट रूप: पैसे देताना क्षेत्र मशीन निर्माण करते आणि ते जोरकस असते, टॅग वाचताना मात्र ते फोनला स्वतः निर्माण करावे लागते. म्हणून थोडी झाकलेली वाट एका कामाला पुरते आणि दुसऱ्याला अपुरी पडते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग फोनने वाचला जात नाही ही मात्र या तक्रारींत मोडणारी गोष्ट नाही. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो, फोनच्या वेढ्यांचे त्याच्याशी बोलणे होऊच शकत नाही.

कव्हर काढले, चकती काढली, एनएफसी चालू आहे, फोन अनलॉक आहे आणि दुसऱ्या फोनवर प्रतिसाद देणारे कार्ड इथे कुठेच प्रतिसाद देत नाही, असे झाले तरच आतल्या भागावर संशय घ्यावा. फोनची मागची काच किंवा बॅटरी अलीकडे बदलली असेल तर तो संशय बळावतो. बऱ्याच फोनमध्ये वेढ्यांची पट्टी मागच्या आवरणाशी असते आणि बोर्डावरच्या छोट्या स्प्रिंगांना टेकून जोडली जाते. दुरुस्तीत पट्टी नीट बसली नाही किंवा स्प्रिंग वाकली, की बाकी फोन अगदी नव्यासारखा चालतो. अशा वेळी दुरुस्तीवाल्याला ‘टॅप चालत नाही’ एवढेच न सांगता, एनएफसीची पट्टी लावली आहे का आणि तिचे स्प्रिंगांवरचे टेकणे तपासले का, असे विचारावे, आणि फोन ताब्यात घेण्यापूर्वी कार्ड फिरवण्याची तीच चाचणी त्याच्या टेबलावर करून पाहावी.