चंद्रावर उतरतानाची पुस्तकं

7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे ‘विक्रम’शी संपर्क तुटला. त्याचं कारण पुढे इस्रोच्या प्रमुखांनीच सांगितलं. वेग कमी करणाऱ्या पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, आणि त्या निस्तरायला यानाला जितक्या झटकन वळायला हवं होतं तितकं वळायची मुभा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. शिवाय उतरायला नेमून दिलेली जागा होती जेमतेम 500 मीटर लांब-रुंद. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं तेव्हा ती जागा 4 किलोमीटर लांब आणि 2.4 किलोमीटर रुंद केलेली होती.

ज्यांनी हे सगळं बारकाईनं वाचलं, त्यांना अंतराळाच्या इतिहासाची नेहमीची पुस्तकं थोडी पोकळ वाटतील. त्यांत अपोलो-11 ची गोष्ट ठरलेली असते: संगणक गडबडला, आर्मस्ट्राँगनं यान हातात घेतलं आणि सगळे वाचले. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी डेव्हिड मिंडेल यांच्या ‘डिजिटल अपोलो’ (2008) आणि डॉन आइल्स यांच्या ‘सनबर्स्ट अँड ल्युमिनरी’ (2018) या पुस्तकांत सापडते. आइल्स यांनी तर चंद्रावर उतरतानाच्या प्रोग्रामचा मोठा भाग स्वतः लिहिला होता.

20 जुलै 1969. यान खाली येत असताना पडद्यावर 1202 हा आकडा उमटला. यानात आणखी एक रडार होतं, ते वर फिरणाऱ्या मुख्य यानाकडे परत जाताना लागणारं. ते चालू होतं, आणि त्याच्या व संगणकाच्या वीजपुरवठ्याची लय जुळत नव्हती. त्यामुळे रडारकडून संगणकाकडे सतत निरर्थक सिग्नल येत राहिले. ते मोजण्यात त्याचा सुमारे सातवा हिस्सा वेळ वाया जाऊ लागला आणि नेमून दिलेली कामं वेळेत संपेनात. संगणक मात्र बंद पडला नाही. तो स्वतःला पुन्हा सुरू करायचा, कमी महत्त्वाची कामं सोडून द्यायचा आणि इंजिन व दिशा सांभाळत राहायचा. म्हणजे 1202 हा बिघाडाचा इशारा असला, तरी बिघाडातून तरून जाण्याची सोय चालू असल्याची ती खूणही होती.

हे ह्यूस्टनमध्ये कोणाला कसं कळलं? याचं उत्तर उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांच्या आठवणींत आहे. आदल्या सरावात असाच इशारा आला होता आणि मोहीम उगाच सोडून द्यायचा निर्णय झाला होता. तेव्हा त्यांनी सगळ्या इशाऱ्यांचा अर्थ लिहून काढायला लावला. 24 वर्षांच्या जॅक गार्मन यांनी हातानं तयार केलेली ती यादी त्या दिवशी कामी आली. 26 वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांनी ‘पुढे चला’ म्हटलं ते तिच्याच आधारावर.

मिंडेल यांचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. अपोलोच्या सहाही उतरणींत कमांडरनं शेवटी यान हाती घेतलं हे खरं, पण त्याचा हात थेट इंजिनाला लागलेला नव्हता. तो दांडा हलवायचा किंवा बटण दाबायचा तेव्हा संगणकाला आपली इच्छा सांगायचा. किती जोर द्यायचा याचा हिशेब संगणकच करायचा. ‘विक्रम’मध्ये ऐन वेळी इच्छा सांगायला कोणीच नव्हतं. खड्डा दिसला तर काय करायचं हे आधीच लिहून ठेवावं लागलं. मिंडेल वाचल्यावर त्या कामाची अवघडता कळते.

मायकेल कॉलिन्स यांचं ‘कॅरिइंग द फायर’ (1974) मी मुद्दाम नंतरसाठी राखलं. अंतराळवीरांच्या आत्मकथनांत इतकं चांगलं लिहिलेलं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. पण लेखक त्या वेळी वर कक्षेत एकटा होता, त्यामुळे उतरणीसाठी ते उपयोगाचं नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये रशियाचं लुना-25 का कोसळलं, असा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी बोरिस चेर्तोक यांचे ‘रॉकेट्स अँड पीपल’चे चार खंड चाळावेत. नासानं त्यांचं इंग्रजी भाषांतर मोफत उपलब्ध करून दिलं आहे. लुना-25 चं इंजिन 84 ऐवजी 127 सेकंद चाललं. चेर्तोक वाचल्यावर तशा चुकांचं आश्चर्य वाटत नाही. 1965 या एकाच वर्षात लुना-5, 7 आणि 8 चंद्रावर आपटून फुटली. लुना-9 अलगद उतरलं 3 फेब्रुवारी 1966 ला, आणि ज्यांच्या हट्टामुळे हे काम सुरू झालं ते कोरोल्योव्ह तीन आठवड्यांपूर्वीच वारले होते. चेर्तोक त्यांचे उपप्रमुख होते, त्यामुळे बैठकांतली भांडणंही त्यांनी नोंदवली आहेत. नावांची गर्दी मात्र फार. सगळं ओळीनं वाचायचा अट्टहास नको.

आपल्याकडच्या इतिहासासाठी आर. अरवमुदन यांचं ‘इस्रो: अ पर्सनल हिस्टरी’ (2017) घ्यावं. मराठीत हाताशी असलेलं पुस्तक म्हणजे कलामांचं ‘अग्निपंख’. त्यातली प्रेरणादायी वाक्यं सगळ्यांना पाठ असतात. माझ्या मते त्यातला खरा ऐवज 10 ऑगस्ट 1979 च्या एसएलव्ही-3 च्या उड्डाणात आहे. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं, म्हणून रॉकेट भरकटून समुद्रात पडलं. ते प्रकरण आधी वाचावं.