चेकच्या तळाची पट्टी

कुंडल-पलूस-तासगाव भागात द्राक्षाचा व्यापारी बऱ्याचदा परगावचा असतो. गाडी भरली की थोडी रोख आणि बाकीचा चेक हातात पडतो. बागायतदार त्यावरची रक्कम पाहतो, सही पाहतो. तळाच्या पांढऱ्या पट्टीतल्या वेड्यावाकड्या जाडीच्या आकड्यांकडे फारसे कुणी पाहत नाही. ती पट्टी वाचता आली, तर चेक कुठला आहे ते घरीच कळते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक ओळ घेऊ:

```
⑈004512⑈ 416229003⑆ 000871⑈ 31
```

पहिले सहा आकडे चेकचा क्रमांक. पुढच्या नवांत तीन-तीनचे गट आहेत: शहर, बँक, शाखा. शहराचे तीन आकडे साधारणपणे पिनकोडच्या पहिल्या तिनांशी जुळतात. पण ४१६ दिसले म्हणून चेक सांगलीकडचाच असे धरू नये, कोल्हापूरही ४१६ मध्येच येते. २२९ म्हणजे आयसीआयसीआय बँक. या नवांपुढचे सहा आकडे हा पूर्ण खातेक्रमांक नव्हे. तो चेकवर वेगळा छापलेला असतो. शेवटचे ३१ बचत खात्याचा, कुठल्याही शहरात वटणारा चेक दाखवतात.

आता चेकवर छापलेला आयएफएससी घ्या. त्यात आधी बँकेची चार अक्षरे, मग शून्य, मग शाखेची सहा अक्षरे किंवा आकडे. ही सहा आणि पट्टीतल्या नवांपैकी शेवटचे तीन आकडे एकमेकांशी जुळवू नका, त्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. रिझर्व्ह बँकेच्या शाखायादीत आयएफएससी शोधायचा आणि तिथला नऊ आकडी एमआयसीआर कोड पट्टीशी ताडून पाहायचा. अमेरिकेतल्या बँक-क्रमांकात चूक पकडणारा एक आकडा असतो, आपल्या नवांत तसा नाही. म्हणून एक आकडा चुकला, तर यादीवाचून कळत नाही.

या भागात नवांतले मधले तीन आकडे विशेष बघावेत. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. अलीकडच्या सरकारी बँकांच्या विलीनीकरणातही असेच झाले. मधल्या तिनांत जुन्या बँकेचा क्रमांक असलेले चेकबुक ठरावीक मुदतीनंतर चालत नाही, म्हणून कपाटातले उरलेले पान कुणी पुढे केले तर नवे मागावे.

बँकेचे यंत्र आकड्यांचा आकार डोळ्यांसारखा पाहत नाही, तर लोहमिश्रित शाईच्या चुंबकतेतून ओळखते. त्यामुळे झेरॉक्स किंवा साध्या शाईत बदललेला आकडा डोळ्यांना ठीक दिसला तरी यंत्राला खटकतो. पट्टीवर घडी किंवा स्टेपलची पिन आली, तर अस्सल चेकही अडतो. आता कागद पुढे न जाता त्याचे चित्र आणि पट्टीची माहिती जाते, तरीही पट्टी स्वच्छ हवीच.

हिशेब ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तक्त्यात 004512 लिहिले की संगणक त्याचे 4512 करतो आणि बँकेच्या उताऱ्याशी मेळ बसत नाही. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवावा.

खात्यात पैसे आहेत का, हे मात्र पट्टी सांगत नाही. त्यासाठी गाडी सुटण्याआधी व्यापाऱ्याकडून आरटीजीएस करून घेतलेले बरे.